एकाच मोठ्या ग्राहकाचा आधार आणि त्यातील धोका

ज्या उद्योगाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग एकाच ग्राहकाकडून येतो, त्या उद्योगाकडे लोक दोन प्रकारे पाहतात. काहींना तो भाग्यवान वाटतो, कारण त्याला दारोदार फिरावे लागत नाही. काहींना तो एका दोरीला लोंबकळणारा दिसतो. वस्तुतः या दोन्ही मतांतून फारसे काही कळत नाही, कारण दोन्ही मते एकाच आकड्यावर, म्हणजे त्या ग्राहकाच्या विक्रीतील टक्केवारीवर उभी आहेत. हा आकडा अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. ज्या कंपन्यांचे समभाग बाजारात विकले जातात त्यांच्या हिशेबासंबंधीचे भारतीय नियम असे सांगतात की, एखाद्या ग्राहकाकडून दहा टक्के किंवा त्याहून अधिक उत्पन्न येत असेल तर ती गोष्ट अहवालात नमूद केली पाहिजे. परंतु हा नियम वाचकाला फक्त सावध करतो. धोका किती, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरविण्यासाठी वेगळे हिशेब मांडावे लागतात, आणि ते कठीण नाहीत.

प्रथम एका प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणाकडे वळू. जॉन बिसेल हे अमेरिकन गृहस्थ १९५८ साली फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, ग्रामीण हस्तव्यवसायांना सल्ला देण्यासाठी भारतात आले. १९६० साली त्यांनी दिल्लीत फॅबइंडिया ही संस्था स्थापन केली. तिचे काम हातमागाची कापडे, सतरंज्या व घरसजावटीचे सामान परदेशी पाठविण्याचे होते. पुढे टेरेन्स कॉन्रन यांनी १९६४ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या ‘हॅबिटॅट’ या दुकानांशी तिचे संबंध जुळले आणि तीच दुकाने फॅबइंडियाचा सर्वांत मोठा ग्राहक बनली. संबंध जुना होता, विश्वासाचा होता आणि दोघांच्याही अभिरुचीला धरून होता. तरीही १९९२ साली हॅबिटॅटची मालकी बदलली. ती इकेआच्या संस्थापक कुटुंबाशी संबंधित इकानो या उद्योगसमूहाकडे गेली आणि फॅबइंडियाला आपला हा प्रमुख ग्राहक गमवावा लागला. माल वाईट झाला नव्हता, भाव वाढले नव्हते, भांडणही झाले नव्हते. मालक बदलला, एवढेच.

या घटनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट तिच्या आधीच्या सोळा वर्षांत आहे. १९७६ साली फॅबइंडियाने दिल्लीच्या ग्रेटर कैलास वस्तीतील बाजारात आपले पहिले किरकोळ विक्रीचे दुकान उघडले होते. हा निर्णय पुढच्या संकटाची चाहूल लागल्यामुळे घेतला गेला असे समजण्याचे कारण नाही. आणीबाणीच्या काळात निवासी घरांतून व्यापारी कचेऱ्या चालविण्यास बंदी झाली, जागा बदलावी लागली, आणि दुकानाची कल्पना त्यातूनच प्रत्यक्षात आली. म्हणजे योगायोगाचा भाग मोठा होता. पण दुकान चालले. देशी गिऱ्हाइकाला काय आवडते, कोणत्या रंगाचा कुडता खपतो, शिंप्यांकडून कसे काम करून घ्यावे, याचे ज्ञान त्या सोळा वर्षांत साचत गेले. १९९२ नंतर देशांतर्गत विक्रीकडे वळण्याची वेळ आली तेव्हा संस्थेला शून्यापासून आरंभ करावा लागला नाही. आज फॅबइंडिया हे नाव ऐकताच लोकांना दुकाने आठवतात, निर्यात आठवत नाही.

जयपूर शहरात अशा तऱ्हेचा प्रश्न अनेक लहान उद्योगांपुढे असतो. सांगानेर आणि बगरू येथे ठशांनी छापलेले कापड शहरात येते, आणि त्याच्या रजया, चादरी व कपडे शिवून देणारे लहान कारखाने वस्त्यावस्त्यांतून चालतात. यांपैकी पुष्कळांचा माल एकाच निर्यातदाराकडे जातो. शहराच्या उत्तरेकडील शास्त्री नगर या वस्तीत असा एक रजयांचा कारखाना आहे असे आपण कल्पू आणि त्याचे आकडे मांडू. आकडे काल्पनिक आहेत, परंतु त्यांची परस्परांशी जी सांगड आहे ती अशा धंद्यांत नेहमी आढळणारी आहे.

या कारखान्याची वार्षिक विक्री ६० लाख रुपये आहे. त्यांतील ४२ लाखांचा माल एक निर्यातदार घेतो आणि उरलेला १८ लाखांचा माल शहरातील व बाहेरगावची काही दुकाने घेतात. म्हणजे मोठ्या ग्राहकाचा वाटा ७० टक्के झाला. आता या विक्रीतून कापड, कापूस, छपाई आणि नगावारी मजुरी हा खर्च वजा करू. मोठ्या ग्राहकाच्या ४२ लाखांतून ३३ लाख वजा जाऊन ९ लाख उरतात. दुकानांच्या १८ लाखांतून मात्र ६ लाख ३० हजार उरतात, कारण दुकाने थोडा माल घेतात पण भाव चांगला देतात. या उरणाऱ्या रकमेला आपण ‘शेष’ म्हणू. एकूण शेष १५ लाख ३० हजार असून त्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा सुमारे ५९ टक्के आहे. या दृष्टीने पाहता परावलंबन विक्रीच्या आकड्यावरून वाटले त्याहून कमी निघाले.

परंतु दुसरा हिशेब केला की चित्र उलटे होते. मोठा ग्राहक माल पोहोचल्यापासून ७५ दिवसांनी पैसे देतो, तर दुकानदार २० दिवसांत देतात. त्यामुळे कोणत्याही दिवशी पाहिले तरी मोठ्या ग्राहकाकडून सुमारे ८ लाख ६० हजार रुपये येणे असते आणि बाकी सर्वांकडून मिळून जेमतेम एक लाख. बाहेर अडकलेल्या पैशांपैकी नव्वद टक्के एकाच माणसाकडे अडकलेले आहेत. विक्रीत ७०, शेषात ५९, येण्यात ९०, असा हा एकच ग्राहक तीन निरनिराळ्या रूपांत दिसतो. तिन्ही आकडे खरे आहेत आणि प्रत्येक आकडा निराळ्या धोक्याविषयी बोलतो.

ते धोके आपण एकेक करून पाहू. कारखान्याचे जे खर्च माल कमी झाला तरी कमी होत नाहीत, म्हणजे जागेचे भाडे, कापणाऱ्या उस्तादाचा व देखरेख करणाऱ्याचा पगार, वीज आणि कर्जाचे हप्ते, ते वर्षाला १० लाख २० हजार आहेत असे धरू. शेषातून ते वजा केले की ५ लाख १० हजार राहतात. त्यातून मालकाचा घरखर्च तीन लाख, आणि बाकीची बचत.

पहिला धोका ग्राहक निघून जाण्याचा नाही, तो राहून भाव पाडण्याचा आहे. मोठ्या ग्राहकाने पुढच्या हंगामात भाव पाच टक्क्यांनी कमी करावयास सांगितले तर ४२ लाखांतून २ लाख १० हजार जातात. कापूस व मजुरी तेवढीच लागते, म्हणून ही सगळी रक्कम मालकाच्या ५ लाख १० हजारांतून जाते. पाच टक्क्यांच्या सवलतीने त्याच्या कमाईपैकी दोनपंचमांशाहून अधिक भाग नाहीसा होतो. हा धोका वर्तमानपत्रांत कधी येत नाही, कारण यात काही कोसळत नाही. पण लहान कारखाने बहुधा याच मार्गाने झिजतात. ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याला हे गणित कारखानदाराइतकेच चांगले येते, हे विसरून चालत नाही.

दुसरा धोका ग्राहकाने रीतसर निरोप घेण्याचा. असे समजा की निर्यातदाराने शेवटची मागणी पूर्ण करून घेतली, सर्व पैसे चुकते केले आणि पुढे येणे बंद केले. आता शेष फक्त ६ लाख ३० हजार आणि न टळणारा खर्च १० लाख २० हजार. दरवर्षी ३ लाख ९० हजारांची तूट, त्यात घरखर्चाचे तीन लाख मिळविले की ६ लाख ९० हजार, म्हणजे महिन्याला साडेसत्तावन्न हजार रुपये. परंतु हातात काय आहे तेही पाहिले पाहिजे. बँकेत अडीच लाख आहेत, निर्यातदाराकडून ८ लाख ६० हजार येणार आहेत, आणि कापडवाल्यांचे साडेतीन लाख द्यावयाचे आहेत. हिशेब मिटल्यावर ७ लाख ६० हजार उरतात. काहीही न करता बसले तरी तेरा महिने निभावते. मोठा ग्राहक गेल्यानंतर प्रथम कारखान्याच्या हाती पैसा वाढतो, ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते. पण उधारीत गुंतलेले भांडवल मोकळे होत असल्यामुळे ते स्वाभाविक आहे. याच महिन्यांत मालकाची फसगत होते. बँकेतील शिल्लक पाहून त्याला वाटते की इतके काही बिघडलेले नाही, आणि कारागीर व जागा आहे तशीच ठेवून तो वाट पाहत राहतो.

तिसरा धोका ग्राहक बुडण्याचा. येथे ८ लाख ६० हजार येत नाहीत. अडीच लाख शिल्लक आणि साडेतीन लाख देणे, म्हणजे पहिल्याच दिवशी कारखाना एक लाखाने उणा. शिवाय त्या ग्राहकाच्या खास नमुन्यांचे छापून ठेवलेले कापड गोदामात पडलेले, जे दुसरा कोणी त्या भावाने घेणार नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या धोक्यांत ग्राहक तोच, टक्केवारी तीच, पण एकात तेरा महिन्यांची मुदत मिळते आणि दुसऱ्यात एका दिवसाचीही नाही. मोठा म्हणून ग्राहक बुडत नाही ही समजूत घातक आहे. ज्या हॅबिटॅटचा उल्लेख वर आला ती दुकाने २००९ साली पुन्हा विकली गेली आणि जून २०११ मध्ये ब्रिटनमधील तिचा कारभार दिवाळखोरीच्या व्यवस्थापकांच्या हाती गेला. लंडनमधील तीन दुकाने वगळता बाकीची जवळजवळ सर्व बंद झाली. त्या वर्षी जे पुरवठादार माल पाठवून पैशांची वाट पाहत होते त्यांच्या दृष्टीने १९९२ चा निरोप कितीतरी सौम्य म्हणावा लागेल.

सूचना किती आधी मिळते यानेही फार फरक पडतो. इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही ब्रिटिश कंपनी ॲपलच्या दूरध्वनींतील चित्रप्रक्रियेचे तंत्र पुरवीत असे आणि तिचे सुमारे निम्मे उत्पन्न ॲपलकडून येत असे. एप्रिल २०१७ मध्ये तिने जाहीर केले की, पंधरा महिने ते दोन वर्षांत ॲपल हे तंत्र वापरणे थांबविणार आहे. त्या एका दिवसात तिच्या समभागाचा भाव साठ टक्क्यांहून अधिक घसरला आणि वर्ष संपण्यापूर्वी कंपनी विकली गेली. दीड-दोन वर्षांची सूचना मिळूनही असे घडले, कारण असे तंत्र घेऊ शकणारे दुसरे मोठे ग्राहक जगात मोजकेच होते. रजईवाल्याला एवढी सूचना कोणी देत नाही. परंतु त्याची रजई घेऊ शकणारी दुकाने हजारो आहेत. म्हणून धोका मोजताना दुसरा ग्राहक मिळण्यास किती काळ लागेल, हा प्रश्न टक्केवारीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

शास्त्री नगरच्या आपल्या कारखान्यापुरते या प्रश्नाचे उत्तर काढता येते. निर्यातदार गेला तर ४२ लाखांची विक्री भरून काढावयास हवी असे मालक समजतो आणि त्या आकड्याने त्याचा धीर खचतो. पण तेवढ्याची गरज नाही. दुकानांच्या विक्रीतून शेकडा ३५ शेष उरतो. न टळणारा खर्च आणि घरखर्च मिळून १३ लाख २० हजार भागविण्यास या दराने ३७ लाख ७० हजारांची विक्री पुरते. आज १८ लाख आहे. म्हणजे हवी असलेली भर १९ लाख ७० हजारांची, ४२ लाखांची नव्हे. एक दुकान सरासरीने वर्षाला दीड लाखाचा माल घेते असे धरले तर तेरा दुकाने नवीन जोडावी लागतील. पूर्वीचा अनुभव दोन महिन्यांत एक दुकान जोडण्याचा असेल तर यास सव्वीस महिने लागतील. दर महिन्याची तूट आरंभी साडेसत्तावन्न हजार असली तरी दुकाने वाढत जातील तशी ती कमी होत शून्यावर येईल, म्हणून सव्वीस महिन्यांची एकूण तूट सुमारे साडेसात लाख होईल. नव्या दुकानांच्या उधारीत आणखी सुमारे एक लाख गुंततील. लागणार साडेआठ लाख, हाती ७ लाख ६० हजार. एका लाखाच्या आसपास कमी पडते. हा झाला धोक्याचा नेमका आकार, आणि तोही ग्राहकाने पैसे चुकते केले तर.

आता असे समजू की हीच दुकाने जोडण्याचे काम मालकाने निर्यातदार जाण्यापूर्वीच अर्धे केले होते आणि दुकानांची विक्री १८ वरून २८ लाखांवर आली होती. एकूण विक्री ७० लाख झाली आणि मोठ्या ग्राहकाचा वाटा ७० वरून ६० टक्क्यांवर आला. कोणी म्हणेल, एवढ्या खटपटीने दहाच टक्के उतरले. पण निर्यातदार गेल्यावर महिन्याची तूट आता सुमारे अठ्ठावीस हजार असेल, ती भरून काढण्यास सहा-सात दुकाने आणि तेरा महिने लागतील, आणि एकूण तूट दोन लाखांच्याही आत राहील. तूटही अर्धी, काळही अर्धा, म्हणून त्यांचा गुणाकार चौथा हिस्सा. साडेसात लाखांचा खड्डा पावणेदोन-दोन लाखांवर आला. टक्केवारीकडेच डोळे लावून बसणाऱ्याला हा फरक कधी दिसणार नाही. मोठ्या ग्राहकाचे काम वाढत असेल तर दुसऱ्या बाजूने किती का प्रगती होईना, टक्केवारी जागची हलत नाही आणि माणूस निराश होतो. तेव्हा लक्ष्य ठेवावयाचे ते बाकीच्या ग्राहकांच्या विक्रीवर: ती ३७ लाख ७० हजारांच्या किती जवळ आली? तेथे पोहोचल्यावर मोठा ग्राहक पंचावन्न टक्के असो की साठ, त्याच्या जाण्याने घर बसत नाही.

अवलंबन कमी करावयाचे तर आरंभ कोठून करावा? बहुतेक जण नवे ग्राहक शोधण्यापासून करतात. माझ्या मते आरंभ येण्याच्या दिवसांपासून करावा, कारण सर्वांत भयंकर धोका तेथे आहे आणि तो कमी करण्यास एकही नवा ग्राहक लागत नाही. ७५ दिवसांचे ४५ दिवस झाले तर निर्यातदाराकडील येणे ५ लाख २० हजारांच्या आसपास राहते आणि सुमारे साडेतीन लाख रुपये मोकळे होतात. ते बँकेत ठेवले आणि पुढे ग्राहक बुडाला, तरी देणी फेडून जवळजवळ अडीच लाख उरतात. एका लाखाने उणे असण्याऐवजी चार महिन्यांचा श्वास मिळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत, करार नसल्यास पंधरा दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरविलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. अर्थात ज्याच्याकडून सत्तर टक्के विक्री होते त्याच्यावर तक्रार गुदरण्यास कोणी धजत नाही. परंतु २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद केली की, या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला ती रक्कम प्राप्तिकरासाठी त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखविता येत नाही, ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच दाखविता येते. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून लागू झाली. तिचा उपयोग भांडणासाठी नाही, बोलणी करण्यासाठी आहे. ‘आमची नोंदणी झालेली आहे, आपल्या हिशेबनिसाला विचारा’ एवढे म्हणणे पुष्कळदा पुरते. मात्र नोंदणी आधी केलेली असली पाहिजे.

खास नमुन्यांच्या कापडाचेही तसेच आहे. मागणी लेखी आल्यावाचून त्या ग्राहकाचे नमुने छापून ठेवू नयेत, आणि छपाईच्या खर्चापुरती रक्कम आगाऊ मागावी. ती मिळाली नाही तर निदान मागणी रद्द झाल्यास कापड ग्राहकाने घ्यावे असे पत्र मिळवावे. मोठे ग्राहक अशा पत्राला सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यात त्यांचा त्या दिवशी एक रुपयाही खर्च होत नाही.

त्यानंतर न टळणाऱ्या खर्चाकडे वळावे. मोठ्या ग्राहकासाठी म्हणून दुसरी जागा भाड्याने घेतली असेल तर तिचा करार ग्राहकाच्या कराराहून लांब असू नये. हा विचार साधा आहे, तरी तो वारंवार मोडला जातो. सहा महिन्यांच्या मागणीच्या आधारावर पाच वर्षांच्या हप्त्याची यंत्रे घेतली जातात.

नवे ग्राहक जोडताना एक अडचण हमखास येते. हंगामात मोठ्या ग्राहकाचे काम एवढे असते की दुकानांचे काम मागे ढकलले जाते, दुकानदार दोनदा वाट पाहतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून आठवड्याचे ठरावीक दिवस, किंवा दहा कारागिरांपैकी दोघे, केवळ दुकानांच्या कामासाठी राखून ठेवावे लागतात, मग मोठ्या ग्राहकाने कितीही घाई केली तरी. हे सांगण्यास सोपे आणि पाळण्यास कठीण आहे. दुकानांचे काम बारीक असते, दहा रजयांसाठी चार रंग बदलावे लागतात, आणि मालकाचा वेळ त्यात अधिक जातो. त्या वेळेची किंमत वरच्या ३५ टक्क्यांत धरलेली नाही, हे येथे सांगितले पाहिजे. शिवाय नमुने आपले स्वतःचे असावे लागतात. मोठ्या ग्राहकाचे नमुने दुकानांत दिसले तर तो जाण्याची वाट पाहावी लागणार नाही, तो लगेच जाईल.

नव्या ग्राहकांची संख्या मोजतानाही डोळे उघडे ठेवावेत. दहा निर्यातदार आणि दहाही जणांचा माल अमेरिकेस जाणारा, तर ते एकाच ग्राहकाचे दहा हात होत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावर, कापडमालासह, पन्नास टक्के आयातकर लादला. त्यांचे परदेशी खरेदीदार दहा वेगवेगळे असले तरी करवाढ सर्वांवर एकदमच आली. त्याचप्रमाणे दुकानदारांपैकी चौघे एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून वित्तपुरवठा घेत असतील, तर त्यांची उधारी चार ठिकाणी विखुरलेली नसते.

ग्राहक जाणार याची चिन्हे आधी दिसतात का? बहुधा दिसतात. पैसे नेहमीच्या दिवसांपेक्षा आठ-दहा दिवस उशिरा येऊ लागतात. मालात दोष काढून परत पाठविण्याचे प्रमाण वाढते, जरी कारागीर तेच असतात. कापड कोठून घेता, छापणारा कोण, अशी चौकशी होऊ लागते. नेहमीचा खरेदी अधिकारी बदलतो आणि नवा माणूस जुन्या सवलतींची यादी मागतो. यांपैकी सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे ग्राहकाच्या धंद्याची मालकी बदलणे. जुना स्नेह मालकाबरोबर जातो, खरेदीच्या वहीत तो नोंदलेला नसतो. असे वृत्त कानावर आले त्याच दिवशी येणे किती आहे ते पाहावे आणि पुढचा माल पाठविण्यापूर्वी मागचे बिल चुकते होईल अशी व्यवस्था करावी.

याच्या उलट, जेथे टक्केवारी शंभर असूनही या अर्थाचा धोका लहान असतो अशीही उदाहरणे आहेत. जयपूरच्या अनेक वस्त्यांत घरी बसून शिवणाची किंवा जरीकामाची कामे करणाऱ्या स्त्रिया आहेत. अशी एखादी स्त्री सर्व काम एकाच ठेकेदाराकडून घेत असेल, तर तिचे परावलंबन पूर्ण आहे. पण कापड ठेकेदाराचे, मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, भाड्याची जागा नाही, कर्ज नाही. ठेकेदार गेला तर बुडते ती एका आठवड्याची मजुरी, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा ठेकेदार असतो. तिची अडचण निराळी, मजुरीच्या दराची आहे, आणि ती अधिक गंभीर असू शकते. परंतु कारखानदाराच्या संकटाशी तिची गल्लत करू नये. त्याचप्रमाणे नुकता सुरू झालेला उद्योग पहिली दोन वर्षे एकाच ग्राहकावर चालत असेल तर त्यात दोष नाही, कारण पहिला मोठा ग्राहकच त्याला काम शिकवितो आणि त्याच्या नावावर पुढचे ग्राहक येतात. तेथे एवढेच पाहावे की न टळणारा खर्च त्या ग्राहकाच्या मापाने वाढवून ठेवलेला नाही.

मोठ्या ग्राहकाला स्वतः होऊन दूर करावे काय, असाही प्रश्न काही जण विचारतात. आपल्या कारखान्यात तो वर्षाला ९ लाखांचा शेष देतो. दुकाने जोडण्यासाठी लागणारा प्रवास, नमुने आणि उधारी यांचा पैसा त्यातूनच येणार आहे. त्याला सोडणे म्हणजे विहीर खणून पाणी लागण्यापूर्वी नळ तोडणे होय. त्याच्या शेषातून दरमहा वीस हजार रुपये वेगळे काढले तर पाच महिन्यांत तो एक लाख भरून निघतो, जो सव्वीस महिन्यांच्या हिशेबात कमी पडत होता.